चंद्राच्या कला मुलांना कशा समजावायच्या (आणि "पृथ्वीची सावली" डोक्यातून कशी काढायची)

मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. चंद्राच्या कला हा धडा मी पहिल्यांदा घेतला तेव्हा फळ्यावर मस्त गोल काढले, बाण काढले, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, आणि आठवड्याने विचारलं की चंद्र अर्धा का दिसतो, तर जवळजवळ सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, "बाई, पृथ्वीची सावली पडते!" म्हणजे मी जे शिकवलंच नव्हतं तेच सगळ्यांना पाठ. मग दुसऱ्या वर्षी बल्ब आणि चेंडू घेऊन प्रयोग केला, तर तोही उलटा पडला, कसा ते खाली सांगते. आता कुठे पद्धत बसलीय. तुम्ही पहिल्यांदाच घेणार असाल, वर्गात किंवा घरी स्वतःच्या मुलाला, तर याच क्रमाने जा. क्रम बदलला की गोंधळ होतो हे मी करून बघितलंय.

आधी तुमच्या स्वतःच्या डोक्यात एक गोष्ट पक्की करून घ्या. चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, सूर्याकडे तोंड असलेला अर्धा. उरलेला अर्धा अंधारात असतो, कारण तो सूर्याकडे पाठ करून असतो. हे रोज असंच असतं, पौर्णिमेलाही आणि अमावस्येलाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून त्या उजेडातल्या अर्ध्याचा आपल्याला कधी थोडा भाग दिसतो, कधी जास्त, कधी पूर्ण, कधी काहीच नाही. बास, कला म्हणजे एवढंच. यात पृथ्वीच्या सावलीचं काहीही काम नाही, पृथ्वी फक्त आपली उभं राहून बघायची जागा आहे.

सामान काय लागेल

- पांढरा थर्माकोलचा बॉल, ६ ते ८ सेंमीचा, शक्यतो प्रत्येक मुलाला एक, आणि तो खुपसायला पेन्सिल
- साधा एलईडी बल्ब, होल्डर आणि लांब वायर (शेड नको, बल्ब उघडा हवा)
- खोली अंधारी करायला जाड पडदे किंवा चादरी
- काळा कागद, पांढरा कागद, कंपास, कात्री
- टेबल टेनिसचा एक बॉल, एक फुगा, ५ मीटर तरी दोरी
- कॅलेंडर, ज्यावर अमावस्या पौर्णिमा दिलेली असते

टॉर्च घेऊ नका. टॉर्चचा झोत एकाच दिशेला जातो, मुलं बल्बभोवती गोल उभी राहू शकत नाहीत, आणि सूर्य एकाच बाजूला उजेड टाकतो असं काहीतरी भलतंच डोक्यात बसतं. टेबल टेनिसचा बॉल अंधारातल्या प्रयोगाला वापरू नका, तो आतून पोकळ आणि पातळ असतो, उजेड आरपार जातो आणि अंधारी बाजूही चमकायला लागते. तो फक्त शेवटी मापाच्या कामाला लागेल.

१. आधी काही सांगू नका, चित्र काढायला लावा

पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणा, की चंद्र कधी कोरीसारखा दिसतो, कधी गोल दिसतो, असं का होत असेल ते चित्र काढून दाखवा. बरोबर चूक काही बोलू नका. बहुतेक जण पृथ्वी मधे काढून चंद्रावर काळं फासतील. काही जण ढग काढतील. एका मुलीने माझ्याकडे चंद्राला खरंच तुकडा तुटलेला काढला होता आणि खाली लिहिलं होतं की तो परत वाढतो. ही चित्रं जपून ठेवा, शेवटी लागणार आहेत.

२. दिवसा दिसणारा चंद्र गाठा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. चंद्र फक्त रात्री दिसतो असं मुलांना (आणि बऱ्याच मोठ्यांनाही) वाटतं. तसं नाहीये.

सकाळची शाळा असेल तर पौर्णिमेनंतर साधारण सात आठ दिवसांनी आठ साडेआठला बाहेर पडा, अर्धा चंद्र पश्चिमेकडच्या आकाशात बऱ्यापैकी वर असतो आणि दुपारच्या आसपास मावळतो. दुपारची शाळा असेल तर अमावस्येनंतर सात आठ दिवसांनी तीन चारच्या सुमारास बघा, तो दुपारी उगवलेला असतो आणि पूर्वेकडच्या बाजूला चढत असतो. फिकट पांढरा असतो, ढगाच्या तुकड्यासारखा, त्यामुळे आधी तुम्ही एकट्याने जाऊन तो नेमका कुठल्या झाडावर किंवा गच्चीवर दिसतो ते हेरून या, नाहीतर चाळीस मुलं घेऊन मैदानात उभं राहायचं आणि चंद्रच सापडत नाही असं होतं. ढग असतील तर एखाद दोन दिवस इकडे तिकडे चालतं.

आता बॉल पेन्सिलवर खुपसून उन्हात उभं राहायचं, हात लांब करायचा आणि बॉल आकाशातल्या चंद्राच्या अगदी शेजारी येईल असा धरायचा. आणि बघायचं. बॉल त्याच बाजूने उजळलेला दिसतो ज्या बाजूने चंद्र उजळलाय, आणि अगदी तेवढाच! चंद्र अर्धा तर बॉल अर्धा. उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघसुद्धा तशीच तिरकी. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी स्वतः दोन मिनिटं गप्प होते, इतकी वर्षं शिकवूनही कधी हे करून बघितलं नव्हतं.

चंद्र अर्धा असताना सूर्य त्याच्यापासून आकाशात पाव वर्तुळावर असतो, म्हणजे चंद्राकडे तोंड केलं की सूर्य साधारण बाजूला येतो, त्यामुळे सूर्याकडे कोणाची नजर जायचं कारण नाही. तरी आधीच ठणकावून सांगा, सूर्याकडे बघायचं नाही, फक्त बॉल आणि चंद्र.

इथेच हा प्रश्न टाका. "आत्ता आपल्या बॉलच्या अंधाऱ्या अर्ध्यावर पृथ्वीची सावली पडलीय का?" नाही, कारण पृथ्वी पायाखाली आहे आणि आपण उन्हात उभे आहोत. मग बॉल अर्धा काळा का? कारण त्याची ती बाजू उन्हाकडे पाठ करून आहे. मग शेजारचा चंद्र?

थोडी मोठी मुलं असतील तर अजून एक पाऊल पुढे जा. प्रत्येकाला स्वतःची सावली बघायला सांगा. ती सूर्याच्या बरोबर उलट बाजूला, खाली जमिनीकडे जाते. पृथ्वीची सावलीही तशीच सूर्याच्या बरोबर उलट बाजूला जाते, म्हणजे सूर्य आकाशात वर आलाय तोवर पृथ्वीची सावली क्षितिजाच्या खाली असते. आणि चंद्र तर डोक्यावर दिसतोय! जी सावली आत्ता आकाशात नाहीच ती चंद्रावर पडणार कशी? माझ्या वर्गात "सावली" म्हणणाऱ्यांपैकी बरेचसे इथेच गळतात.

३. काळ्या कागदाने सावली पाडून बघा

जे गळत नाहीत त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचंच म्हणणं करून बघायला द्या. पांढऱ्या कागदाचं ४ सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा, हा चंद्र. काळ्या कागदाचं साडेदहा सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा, ही पृथ्वीची सावली. माप उगाच नाही दिलेलं, पृथ्वीची गडद सावली चंद्रापर्यंत पोचते तिथे ती चंद्राच्या साधारण अडीच पट किंवा थोडी जास्तच रुंद असते.

आता म्हणायचं, ही सावली चंद्रावरून सरकवा आणि मला अर्धा चंद्र करून दाखवा. मुलं सरकवतात, फिरवतात, आणि जमत नाही. कारण खऱ्या अर्ध्या चंद्राची मधली रेघ सरळ असते, पट्टीने ओढल्यासारखी, आणि गोल सावलीची कड कधीच सरळ येत नाही. पांढरा भाग कायम कोणीतरी चावा घेतल्यासारखा आत गेलेला दिसतो.

मग म्हणा, बरं, पौर्णिमेच्या तीन चार दिवस आधीचा चंद्र करा, अर्ध्यापेक्षा मोठा, दोन्ही बाजूंनी फुगलेला. हे तर अशक्यच आहे! त्या चंद्रात उजेडाची कड बाहेर फुगलेली असते आणि काळ्या वर्तुळाने ती आतच दबते. एकजण माझ्याकडे काळा कागद घडी घालून, फाडून वगैरे करून बघत होता, शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, यासाठी सावलीला खड्डा पाहिजे." अगदी बरोबर, सावलीला खड्डा पाहिजे, आणि गोल पृथ्वीच्या सावलीला खड्डा नसतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगा, बारीक कोर या कागदाने थोडीफार जमते. म्हणूनच तर सावलीवाली समजूत एवढी चिकट आहे, आपण सगळे चंद्र म्हटलं की कोरच आठवतो आणि कोर सावलीने झाकल्यासारखीच दिसते. फुगलेला चंद्र कोणी नीट बघतच नाही.

४. अंधारी खोली, एक बल्ब

आता कला स्वतःच्या हाताने करायच्या. खोली खरंच अंधारी हवी. फटीतून उजेड येत असेल, किंवा भिंती पांढऱ्या असतील आणि मुलं भिंतीला चिकटून उभी असतील, तर बॉलच्या काळ्या बाजूलाही उजेड लागतो आणि रेघ पुसट होते. बल्ब खोलीच्या मधोमध, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. मुलं बल्बपासून दीड दोन मीटरवर गोल करून, एकमेकांच्या मधे येणार नाहीत अशी. एका वेळी आठ दहाच्या वर नकोत, बाकीच्यांना बाहेर काळ्या कागदाचं काम द्या.

बल्ब सूर्य, बॉल चंद्र, आणि पृथ्वी म्हणजे तुमचं स्वतःचं डोकं. हे तीनदा म्हणवून घ्या. हात सरळ, बॉल डोक्यापेक्षा थोडा वर (वर का धरायचा ते पुढच्या पायरीत).

बल्बकडे तोंड करून सुरुवात करा. बॉल बल्बच्या दिशेला धरला की आपल्याकडची बाजू काळी दिसते, ही अमावस्या. आता सगळ्यांनी डावीकडे हळूहळू वळायचं, बॉल सोबत फिरतो. थोडंसं वळलं की बॉलच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक कोर येते. इथे थांबा, घाई करू नका, प्रत्येकाला ती दिसली का विचारा. अजून वळलं, बल्ब उजव्या खांद्याच्या बाजूला आला, की बॉल बरोबर अर्धा, रेघ सरळ. अजून वळलं की तोच फुगलेला चंद्र जो मघाशी काळ्या कागदाने कोणालाच जमला नव्हता. इथे हमखास आरडाओरडा होतो, होऊ द्या. बल्बकडे पाठ झाली की पूर्ण गोल, पौर्णिमा. आणि तसंच वळत राहिलं की उजेड डाव्या बाजूला उरतो आणि कमी होत होत परत अमावस्या. खऱ्या चंद्राला या पूर्ण फेरीला, अमावस्या ते अमावस्या, साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात.

(उजवी डावी बाजू उत्तर गोलार्धातून बघणाऱ्यांसाठी दिलीय. दक्षिण गोलार्धात हे उलटं दिसतं, आणि विषुववृत्ताजवळ कोर बरेचदा होडीसारखी आडवी दिसते. मुलांना हे लगेच सांगायची गरज नाही.)

मग एकाला बल्बजवळून बाजूला उभं करून विचारा, "आत्ता या सगळ्यांच्या बॉलवर किती उजेड आहे?" बाहेरून बघणाऱ्याला दिसतं की प्रत्येक बॉल अर्धाच उजळलाय, ज्याला कोर दिसतेय त्याचाही आणि ज्याला पौर्णिमा दिसतेय त्याचाही. हे बघायला प्रत्येकाला एकदा गोलाच्या बाहेर काढाच.

अर्धा काळा अर्धा पांढरा रंगवलेला बॉल पण काही जण वापरतात. मला तो आवडत नाही. मुलं तो हातात गोल गोल फिरवतात आणि चंद्र गिरकी घेतो म्हणून कला दिसतात असं नवीनच खूळ घेऊन जातात.

५. डोक्याची सावली, म्हणजे माझा फसलेला प्रयोग

पहिल्या वेळी मी बॉल डोळ्यांसमोर धरा एवढंच सांगितलं होतं. सगळं छान चाललं होतं, कोर आली, अर्धा आला, आणि पौर्णिमेला पाठ बल्बकडे झाली तर प्रत्येकाच्या डोक्याची सावली बॉलवर पडून बॉल काळाकुट्ट! एक मुलगा जोरात ओरडला, "बघा, सावलीच पडते!" आणि संपलं. मी सावलीची समजूत काढायला प्रयोग आणला आणि प्रयोगानेच ती पक्की करून दिली.

म्हणून पहिल्या फेरीत बॉल वरच धरायचा, डोक्याची सावली लागता कामा नये. सगळ्या कला नीट झाल्या, मुलांनी त्या स्वतः बोलून दाखवल्या, की मग दुसऱ्या फेरीत पौर्णिमेच्या जागी थांबून मुद्दाम बॉल खाली आणायला सांगा. आता डोक्याची सावली पडते. याला म्हणायचं चंद्रग्रहण. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती याच वेळी, फक्त पौर्णिमेला, आणि काही तासांत ग्रहण सुटतंही. कोरीचा गोल व्हायला मात्र दोन आठवडे जातात. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत सावली इतकी रेंगाळेल कशाला, हे मुलांनाच विचारा.

काही मुलं अर्ध्या चंद्रालाही "मग ही कुणाची सावली" म्हणून अडतात, कारण काळं म्हणजे सावली हे समीकरण सुटत नाही. तेव्हा मी सांगते, सावली म्हणायचीच असेल तर ती चंद्राची स्वतःचीच म्हणा. हे मी काढलेलं नाही, आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास असंच मांडलंय, की पृथ्वी, ग्रह यांच्या गोलांचा अर्धा भाग स्वतःच्याच सावलीने काळा असतो आणि सूर्याकडचा अर्धा उजळतो.

६. "मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?"

हा प्रश्न येणारच, आणि नाही आला तर तुम्ही विचारा. पौर्णिमेला पृथ्वी मधे येते ना, मग सावली चुकते कशी? पुस्तकातल्या चित्रांमुळे हे कळत नाही, कारण कागदावर मावावं म्हणून चंद्र पृथ्वीच्या अगदी पोटाशी काढलेला असतो.

खरं माप मांडा. टेबल टेनिसचा बॉल ४ सेंमीचा, तो चंद्र. फुगा १५ सेंमी व्यासाचा फुगवा, ती पृथ्वी. आता मुलांना विचारा की चंद्र किती लांब धरू. सगळे हातभर अंतर दाखवतात. खरं अंतर आहे ४ मीटर ४० सेंमी! दोरी मोजून धरा, वर्गाच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत जाते. (खऱ्या मापात हे साधारण ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीसारखे तीस गोल ओळीने मावतील एवढं.)

मघाशी डोक्याची सावली का पडली तेही इथे उलगडतं, बॉल चार पाच मीटरऐवजी हातभर अंतरावर होता.

आता चंद्राचा रस्ता थोडा कललेला आहे, साधारण ५ अंश. ऐकायला काहीच नाही. पण साडेचार मीटरवर ५ अंश म्हणजे बॉल ४० सेंमीपर्यंत वर किंवा खाली जातो. आणि तिथे पृथ्वीची सावली केवढी? आपलं काळं वर्तुळ, साडेदहा सेंमी. फुग्याच्या उंचीला दोरीच्या टोकाशी ते वर्तुळ एका मुलाला धरायला सांगा आणि दुसऱ्याला बॉल ४० सेंमी वर धरायला सांगा. सावली कुठेय आणि चंद्र कुठेय हे लांबूनच दिसतं, बॉल आरामात वरून निघून जातो. ग्रहण लागायचं तर पौर्णिमा नेमकी तेव्हा यावी लागते जेव्हा चंद्र वरून खाली किंवा खालून वर जाताना त्या मधल्या उंचीजवळ असतो. वर्षाला बारा तेरा पौर्णिमा होतात, त्यात गडद सावली चंद्राला फारतर दोन तीनदा लागते, एखाद्या वर्षी एकदाही नाही.

पहिली दुसरीच्या मुलांना अंश वगैरे सांगू नका, नुसतं "वरून निघून गेला" पुरे.

७. परत चित्र

आठवडाभराने, लगेच नाही, पहिल्या दिवशीचाच प्रश्न द्या आणि जुनी चित्रं शेजारी ठेवा. शब्द तपासू नका, "सूर्यप्रकाश परावर्तित होतो" हे वाक्य पाठ करून येतं. चित्रात दोन गोष्टी बघा, चंद्राची उजळ बाजू सूर्याकडे आहे का, आणि पृथ्वीपासून चंद्राकडे काळा पट्टा ओढलाय का. पट्टा दिसला तर त्या मुलाला परत धडा सांगत बसू नका, पुढच्या वेळी दिवसा चंद्र दिसेल तेव्हा बॉल देऊन उन्हात पाठवा.

मागच्या खेपेला त्याच तुटक्या चंद्रवाल्या मुलीने पृथ्वी काढलीच नव्हती. मी विचारलं, पृथ्वी कुठंय गं? तिने बोटाने चित्रातला एक छोटा डोळा दाखवला, पापण्यांसकट, आणि म्हणाली, "हे काय बाई, आपण इथून बघतोय ना."